जुन्या रेफरलला नवी अट लावू नका: मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांना खुले पत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

ऐरोलीच्या आपल्या कार्यालयात विमा दाव्यांच्या विभागात मी नऊ वर्षं काम करते. त्याआधी दोन वर्षं ठाण्यात नौपाड्यातल्या एका कन्सल्टन्सीत मी उमेदवार शोधण्याचं काम केलं. त्यामुळे या पत्रातला विषय मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. गेल्या चार महिन्यांत मी एचआर हेल्पडेस्कवर तीन वेळा लेखी विचारणा केली आणि तिन्ही वेळा "धोरणानुसार" एवढंच उत्तर देऊन तक्रार बंद झाली. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे. कंपनीचं नाव इथे मुद्दाम घातलेलं नाही. ज्यांना उद्देशून लिहिलं आहे त्यांना ते कळेल. महापे, घणसोली, रबाळेच्या इतर कार्यालयांत काम करणाऱ्यांनी हे वाचून आपापल्या घोषणेतल्या अटी तपासल्या तरी पत्राचा उपयोग होईल.

विषय रेफरल बोनसचा आहे. गेल्या 1 जुलैला आपल्या सहीने सगळ्यांना घोषणा आली. ती मी जपून ठेवली आहे. तिच्यात तीन गोष्टी स्वच्छ लिहिल्या होत्या. पात्र कोण, तर कन्फर्म झालेले सगळे कायम कर्मचारी; एचआरमधली माणसं आणि त्या जागेचा भरती करणारा मॅनेजर सोडून. रक्कम किती, तर नवख्या उमेदवारासाठी 15,000, तीन वर्षांहून अधिक अनुभव असलेल्यासाठी 30,000 आणि टीम लीडसाठी 50,000 रुपये. पैसे कधी, तर उमेदवाराचे 90 दिवस पूर्ण झाल्यावर येणाऱ्या पगारासोबत, एकरकमी. घोषणा चांगली होती. वाचून कुणालाही पुन्हा विचारायला जावं लागलं नाही. हे मी मनापासून लिहिते आहे, कारण माझं भांडण त्या घोषणेशी नाहीच.

4 जुलैला मी कळव्यातल्या आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एका मैत्रिणीचं नाव दिलं. ती अंधेरीत दाव्यांचंच काम करत होती. घरी दोन वर्षांचं मूल, आणि रोज कळव्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी असा प्रवास. ऐरोलीला यायचं तर ठाण्याला गाडी बदलून दुसरं स्टेशन. तरी ती लगेच तयार झाली नाही. तिच्या जुन्या कंपनीने राजीनामा दिल्यावर पगार वाढवून देऊ केला होता. मी तिच्या घरी बसून तिला आणि तिच्या सासूबाईंना आपल्याकडची शिफ्ट, मेडिक्लेम, कामाचा ताण, सगळं खरं खरं सांगितलं, तेव्हा ती आली. तिचा नोटीस पिरियड 90 दिवसांचा होता. 5 ऑगस्टला ऑफर स्वीकारली आणि 3 नोव्हेंबरला ती आपल्याकडे रुजू झाली. मधल्या तीन महिन्यांत ती दुसरीकडे वळू नये म्हणून दर आठवड्याला तिच्याशी बोलणारी मीच होते. ऑफर दिल्यापासून जॉइन होईपर्यंतचा हा काळ भरतीत सगळ्यात धोक्याचा असतो, हे आपल्याला मी सांगायला नको.

तिचे 90 दिवस 31 जानेवारीला पूर्ण झाले. म्हणजे फेब्रुवारीच्या पगारात 30,000 रुपये यायला हवे होते. आले 15,000. कारण मधे, 19 जानेवारीला, आपलं नवं परिपत्रक आलं. 1 जानेवारीनंतर होणारं रेफरलचं प्रत्येक पेमेंट आता दोन हप्त्यांत होईल; अर्धं 90 दिवसांनी आणि अर्धं 180 दिवस होऊन उमेदवार कन्फर्म झाल्यावर. शिवाय प्रत्येक हप्त्याच्या दिवशी नाव देणारा आणि रुजू झालेला, दोघंही नोकरीत हवेत आणि दोघांपैकी कुणीही नोटीस पिरियडमध्ये नसावं.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच, की जुलैच्या शब्दावर केलेल्या कामाला जानेवारीची अट लावली.

मॅडम, आपण सगळे दाव्यांच्या धंद्यात आहोत. अपघात ऑगस्टमध्ये झाला आणि दावा जानेवारीत माझ्या टेबलावर आला, तर मी कुठली पॉलिसी उघडते? ऑगस्टमध्ये लागू असलेली. जानेवारीच्या नूतनीकरणात कंपनीने एखादी अट कडक केली असेल, तर ती ऑगस्टच्या अपघाताला मी लावू शकत नाही. लावली तर आपल्याच ऑडिटमध्ये ती माझी चूक धरली जाते. आमच्याकडे नव्या आलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवली जाणारी गोष्ट आहे ही. ग्राहकाच्या दाव्याला आपण जो नियम पाळतो तोच आपल्या माणसांच्या पैशाला पाळावा, यापलीकडे माझं म्हणणं नाही.

हेल्पडेस्कने मला घोषणेतली शेवटची ओळ दाखवली, की योजना केव्हाही बदलण्याचा किंवा मागे घेण्याचा अधिकार कंपनीकडे आहे. ती ओळ मला मान्य आहे. उद्यापासून कुणी नाव दिलं तर त्याला 10,000 द्या किंवा काहीच देऊ नका, तो कंपनीचा निर्णय. पण बदल पुढच्यासाठी असतो. भारतीय करार कायदा 1872 चा आहे आणि त्याचं आठवं कलम सांगतं, की प्रस्तावात घातलेली अट पूर्ण करणं म्हणजेच तो प्रस्ताव स्वीकारणं. पाचवं कलम सांगतं, की प्रस्ताव मागे घेता येतो तो स्वीकार पूर्ण होण्याआधी, नंतर नाही. बक्षिसाच्या घोषणेबद्दल अलाहाबाद उच्च न्यायालयाचा 1913 चा एक निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. हरवलेल्या मुलाला शोधायला मालकाने आपल्या मुनिमाला पाठवलं. तो गेल्यावर मागे बक्षीस जाहीर झालं. त्याने मूल शोधून आणलं, पण त्याला बक्षीस मिळालं नाही, कारण मूल सापडलं तेव्हा त्याला घोषणा माहीतच नव्हती. आमची गोष्ट नेमकी उलटी आहे. आम्ही घोषणा वाचली आणि ती वाचूनच कामाला लागलो. मला कोर्टात जायचं नाही. पण "केव्हाही बदलू शकतो" ही ओळ सगळ्याला पुरून उरते, असं कृपा करून आम्हाला सांगू नका.

या बदलात जास्त नुकसान माझं झालेलं नाही. माझ्या शेजारच्या रांगेत बसणाऱ्या एका सहकाऱ्याचं झालं, आणि त्याच्या परवानगीने ते इथे लिहिते. त्याने एका टीम लीडचं नाव दिलं होतं. ते गृहस्थ 15 ऑक्टोबरला रुजू झाले. त्यांचे 90 दिवस 12 जानेवारीला भरले, म्हणजे नवं परिपत्रक निघायच्या एक आठवडा आधी. जुन्या घोषणेची प्रत्येक अट त्या दिवशी पूर्ण झालेली होती. तरी जानेवारीच्या पगारात 50,000 ऐवजी 25,000 आले, कारण पगार 31 तारखेला होतो आणि परिपत्रक "होणारं पेमेंट" म्हणतं.

उरलेल्या 25,000 चं काय झालं ते बघा. 180 दिवस 12 एप्रिलला पूर्ण झाले. कन्फर्मेशनचं पत्र मात्र 24 एप्रिलला निघालं. पेरोलची कट-ऑफ 20 तारखेची असल्यामुळे हप्ता मे महिन्यावर गेला. 6 मे रोजी त्याला राजीनामा द्यावा लागला. चिपळूणला वडील आजारी आहेत आणि घरी दुसरं कुणी नाही. 31 मेला तो नोटीस पिरियडमध्ये होता, म्हणून हप्ता रद्द. त्याने आणलेले टीम लीड आजही चौदा माणसांची टीम चालवतात. कन्फर्मेशनचं पत्र चार दिवस आधी निघालं असतं तर 30 एप्रिलला पैसे त्याच्या खात्यात आले असते. त्या पत्रावर सही करणं त्याच्या हातात होतं का?

दुसरी तक्रार याच अटीबद्दल आहे आणि ती जुन्या-नव्या सगळ्या रेफरलना लागू आहे. पैसे कमावले जातात एका तारखेला आणि दिले जातात दुसऱ्या तारखेला. मधे कट-ऑफ असते, सह्या असतात, कुणाची रजा असते. आपण पात्रता मोजता ती देण्याच्या तारखेला. त्यामुळे कार्यालयीन दिरंगाईचा भुर्दंड दर वेळी कर्मचाऱ्यावर पडतो. माझ्याच बाबतीत मैत्रिणीचे 180 दिवस 1 मे रोजी पूर्ण झाले. मॅनेजर सुट्टीवर होते म्हणून कन्फर्मेशन 25 मेला आलं. आता 30 जूनच्या पगाराची वाट बघायची. 4 जुलैला दिलेलं नाव, म्हणजे वर्षाला चार दिवस कमी. माझ्या मुलीचा अकरावीचा प्रवेश याच महिन्यात आहे. ते पैसे आम्ही त्यासाठी धरले होते आणि आता तेवढे सोसायटीतल्या भिशीतून उचलले.

त्याहून मनाला लागलेली गोष्ट वेगळी आहे. मार्चमध्ये मैत्रिणीची शिफ्ट बदलली. दुपारी दीड ते रात्री साडेदहा. लहान मुलामुळे तिला ती जमेना. बरेच दिवस तिने मला काही सांगितलं नाही. एकदा ठाणे स्टेशनवर ट्रान्सहार्बरच्या गाडीची वाट बघताना ती म्हणाली, "ताई, मी आत्ता काही बोलले आणि नोकरी सोडायची वेळ आली, तर तुमचे पैसे अडकतील ना?" मी तिला तिथल्या तिथे सांगितलं की माझ्या पैशांचा विचार तू करायचा नाहीस. शिफ्ट पुढे बदलून मिळाली, ते तिच्या टीम लीडचे उपकार. पण नवीन आलेल्या मुलीला आपली अडचण बोलताना शेजारणीच्या 15,000 चं ओझं वाटावं, असं या अटीने केलं. उमेदवार टिकावा हा हेतू समजतो. पण तो टिकतो शिफ्टवर, पगारावर आणि मॅनेजरवर. यातलं काहीही नाव देणाऱ्याच्या हातात नसतं.

कन्सल्टन्सीत असताना आम्ही कंपन्यांना साधारण 8.33 टक्के बिल लावायचो, म्हणजे उमेदवाराचा एक महिन्याचा सीटीसी. मैत्रिणीचा वार्षिक सीटीसी 7,20,000 आहे. ती कन्सल्टन्सीकडून आली असती तर 60,000 आणि वर 18 टक्के जीएसटी असं बिल आलं असतं. हमी किती दिवसांची? आमच्या करारांत बहुधा 90 दिवसांची असायची. त्याआधी माणूस गेला तर दुसरा फुकट देऊ, त्यानंतर आमची जबाबदारी संपली. जी हमी व्यावसायिक संस्थेकडून 90 दिवसांची घेतली जाते, तीच आपल्या कर्मचाऱ्याकडून निम्म्या पैशात 180 दिवसांची मागणं मला पटत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दोन हप्ते म्हणजे अन्यायच, असं माझं म्हणणं नाही. काहींना ते सोयीचे पडतात आणि त्याचं कारण कर आहे. रेफरलचे पैसे पगारातच धरले जातात आणि त्यावर कर कापला जातो. 2025-26 पासूनच्या दरांनी नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. आमच्यातल्या एकीचा वर्षाचा पगार 12,60,000 आहे. 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन 11,85,000 उरतात, म्हणून तिला कर नाही. तिला मार्चमध्ये रेफरलचे 30,000 एकदम मिळाले, तर उत्पन्न 12,15,000 होतं. अशा वेळी 12 लाखांच्या वर गेलेली सगळी रक्कम, म्हणजे 15,000, करात जाते आणि त्यावर चार टक्के उपकराचे 600. 30,000 मधले हातात पडतात 14,400. तेच 15,000 मार्चमध्ये आणि 15,000 पुढच्या आर्थिक वर्षात देय झाले, तर मार्चपर्यंतचं उत्पन्न बरोबर 12 लाखांवर थांबतं आणि त्या वर्षी एक रुपयाही कर लागत नाही. पुढच्या वर्षी पगार वाढला तर तेव्हाचा हिशेब वेगळा होईल, हेही खरं.

पण यात एक मेख आहे. पगाराचा कर, रक्कम देय झाली किंवा हातात पडली, यातलं जे आधी घडेल त्या वर्षात मोजतात. त्यामुळे ऐन वेळी पेरोलला "माझे अर्धे एप्रिलमध्ये द्या" असं सांगून भागत नाही. हप्ता केव्हा देय होतो हे घोषणेतच लिहिलेलं हवं आणि एकरकमी की दोन हप्ते हे नाव देतानाच निवडता यायला हवं. जुलैच्या घोषणेत 15, 30 आणि 50 हजार हे आकडे कर कापण्याआधीचे आहेत, हेसुद्धा लिहिलेलं नव्हतं. पहिली सॅलरी स्लिप बघून कितीजण एचआरच्या काचेपाशी आले होते, ते आपल्याला आठवत असेल.

तिसरी तक्रार "डुप्लिकेट"ची. उमेदवाराने मागच्या सहा महिन्यांत अर्ज केलेला असेल किंवा कन्सल्टन्सीने त्याचा रिझ्युमे आधी पाठवला असेल, तर रेफरल धरत नाहीत. नियम योग्य आहे. एकाच माणसासाठी दोघांना पैसे कोण देईल? अडचण ही, की हे आम्हाला कळतं उमेदवार रुजू झाल्यावर. माझ्या टीममधल्या एका मुलाने सप्टेंबरमध्ये नाव दिलं, त्याचा रेफरल क्रमांकही त्याला मिळाला. चार महिन्यांनी उत्तर आलं, की एका कन्सल्टन्सीने तोच रिझ्युमे आदल्या दिवशी पाठवला होता. त्या उमेदवाराला त्या कन्सल्टन्सीचं नावही माहीत नव्हतं. जॉब पोर्टलवरून रिझ्युमे उचलून, उमेदवाराला फोनही न करता दहा कंपन्यांना पाठवणारे लोक या धंद्यात आहेत. मी ते जवळून पाहिलं आहे. ओळखायची रीत सोपी आहे: उमेदवाराची संमती दाखवणारा ईमेल कन्सल्टन्सीकडे मागायचा. नसेल तर त्यांचा दावा बाद.

चौथी तक्रार थोडक्यात. कॉन्ट्रॅक्टवर काम करणारी डेटा एन्ट्रीची मुलं पात्रतेत नाहीत. त्यांच्यातल्या एका दिघ्याच्या मुलाने आपले तीन मित्र इथे आणले, तिघंही टिकले आहेत. त्याला काहीच मिळालं नाही. त्याच्या एजन्सीच्या बिलातून ती रक्कम त्याला देता येते. तसं ठरवायला हवं, एवढंच.

मॅडम, माझ्या मागण्या अशा आहेत.

1 जुलै ते 18 जानेवारी या काळात ज्यांनी नावं दिली आणि ज्यांचे उमेदवार रुजू होऊन 90 दिवस राहिले, त्या सगळ्यांना जुलैच्या घोषणेप्रमाणे पूर्ण रक्कम द्यावी. माझ्या शेजारच्या सहकाऱ्याचे 25,000 त्याच्या अंतिम हिशेबात यावेत. त्याचा शेवटचा दिवस 4 जुलै आहे, म्हणून याला पहिलं स्थान.

पुढच्यासाठी, पात्रता ज्या दिवशी अट पूर्ण झाली त्या दिवशी मोजावी, पगाराच्या दिवशी नाही. त्यानंतर नाव देणारा नोटीस पिरियडमध्ये असो की नोकरी सोडून गेलेला, त्याचा हप्ता जाऊ नये. कन्फर्मेशनची अट काढावी. दिवस मोजायला कॅलेंडर पुरतं. ती ठेवायचीच असेल, तर 180 दिवसांनंतर सात दिवसांत पत्र निघालं नाही तर उमेदवार कन्फर्म झाला असं धरावं.

नाव दिल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ते स्वीकारलं की डुप्लिकेट, हे तारखेसह लेखी कळवावं. एकदा स्वीकारलेलं नाव नंतर नाकारू नये. रक्कम कर कापण्याआधीची आहे हे घोषणेत लिहावं आणि एकरकमी की दोन हप्ते याची निवड नाव देतानाच द्यावी. कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलांबद्दलचा निर्णय, जो काही असेल तो, त्यांना सांगावा.

जूनच्या पगाराची कट-ऑफ 20 तारखेला आहे. त्याआधी, 17 जूनपर्यंत लेखी उत्तर मिळालं तर या महिन्याच्या पेरोलमध्ये दुरुस्ती बसते. 19 जानेवारीच्या परिपत्रकामुळे ज्यांचे पैसे अडकले किंवा गेले, अशा अकरा जणांची यादी रेफरल क्रमांक आणि तारखांसह मी आपल्या कार्यालयात दिली आहे आणि पोच घेतली आहे. आपण बोलावलंत तर आम्ही अकराही जण कागद घेऊन येऊ.

आपली नम्र,
दावे विभागातली एक वरिष्ठ सहकारी
ऐरोली, नवी मुंबई
8 जून